सरासरी शेपटीकडे का सरकते? कुटुंबांच्या उत्पन्नाचा आयतालेख वाचताना

दोनशे कुटुंबं घेऊ. प्रत्येक कुटुंबाचं महिन्याचं एकूण उत्पन्न, म्हणजे घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांची मिळून होणारी आवक, आपल्याकडे लिहिलेली आहे. आकडे हजारांत आहेत आणि चलन कोणतंही धरा, गणितात फरक पडत नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी तयार केले आहेत, पण त्यांची ठेवण खऱ्या उत्पन्नांच्या पाहण्यांत दिसते तशीच ठेवली आहे.

| उत्पन्न (हजार) | कुटुंबं |
|---|---|
| ० ते १० | २४ |
| १० ते २० | ५२ |
| २० ते ३० | ४४ |
| ३० ते ४० | २८ |
| ४० ते ५० | १८ |
| ५० ते ६० | १२ |
| ६० ते ८० | १२ |
| ८० ते १२० | ६ |
| १२० च्या वर | ४ |

शेवटच्या चार कुटुंबांचं उत्पन्न नेमकं माहीत आहे असं समजू: १४०, १८०, २६० आणि ६२० हजार.

याचा आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम, काढला की डावीकडे झटकन चढणारा उंचवटा दिसतो. दहा ते वीसच्या वर्गात तो सर्वांत उंच होतो आणि मग उजवीकडे हळूहळू उतरत लांबच लांब जातो. या आकाराला ‘उजवीकडे विषम’ म्हणतात. नाव ऐकून बरेच जण गोंधळतात, कारण गर्दी तर डावीकडे आहे. नाव मात्र गर्दीच्या बाजूवरून पडत नाही, शेपटीच्या बाजूवरून पडतं. शेपटी उजवीकडे, म्हणून विषमता उजवीकडे.

आता दोन आकडे काढू. कुटुंबांना उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे मध्यक. पहिल्या दोन वर्गांत ७६ कुटुंबं संपतात. शंभराव्यापर्यंत पोहोचायला तिसऱ्या वर्गातली आणखी २४ लागतात. त्या वर्गात ४४ कुटुंबं दहा हजारांच्या रुंदीत सारखी पसरलेली आहेत असं धरलं, तर मध्यक येतो सुमारे २५.५ हजार. सरासरीसाठी प्रत्येक वर्गातल्या कुटुंबांना त्या वर्गाच्या मधलं उत्पन्न द्यायचं, शेवटच्या चौघांचं खरं उत्पन्न घ्यायचं आणि बेरजेला २०० ने भागायचं. बेरीज होते ७०९० हजार आणि सरासरी सुमारे ३५.५ हजार.

दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोघांत दहा हजारांचं अंतर आहे. सरासरीच्या खाली किती कुटुंबं आहेत हे मोजलं, तर ती निघतात साधारण १३५. म्हणजे दर तीन कुटुंबांपैकी दोन कुटुंबं ‘सरासरीपेक्षा गरीब’ आहेत. सरासरी म्हणजे मधलं, असं मनात पक्कं बसलेलं असतं, म्हणून हे वाचताना खटकतं. पण सरासरीने मधोमध उभं राहण्याचं वचन कधी दिलेलंच नाही. ते काम मध्यकाचं.

पुठ्ठा आणि पेन्सिल

दोघांची कामं वेगळी कशी, हे हाताने करून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं सूत्र पाठ करून कळत नाही. जाड, सगळीकडे सारख्या जाडीचा पुठ्ठा घ्या. त्यावर १२० हजारांपर्यंतचा आयतालेख काढा. आडव्या अक्षावर दहा हजारांना एक सेंटीमीटर, आणि एक कुटुंब म्हणजे एक सेंटीमीटर रुंद व एक मिलिमीटर उंच पट्टी. सर्वांत उंच स्तंभ पाच सेंटीमीटरच्या थोडा वर जाईल आणि आकाराची लांबी बारा सेंटीमीटर होईल. शेवटची चार कुटुंबं तूर्त बाजूला ठेवा. हा आकार कात्रीने कापून घ्या.

आता त्याचे असे दोन तुकडे करायचे की दोन्हींचं वजन सारखं भरेल. त्यासाठी उभी कात्री चालवावी लागेल डाव्या टोकापासून अडीच सेंटीमीटरवर, कारण त्याच्या डावीकडे ९८ कुटुंबं आहेत आणि उजवीकडेही ९८. ही जागा म्हणजे मध्यक. तो क्षेत्रफळाचे दोन समान भाग करतो आणि तेवढंच करतो.

पण न कापता तोच पुठ्ठा आडव्या धरलेल्या पेन्सिलीवर तोलायला गेलात, तर अडीच सेंटीमीटरवर तो तोलला जात नाही. उजवीकडे कलंडतो. दोन्ही बाजूंना वजन सारखंच असूनही असं होतं, कारण उजव्या बाजूचं वजन लांबवर पसरलेलं आहे. सी-सॉवर लांब बसलेलं हलकं मूल जवळ बसलेल्या जड मुलाला उचलतं, त्यातलाच हा प्रकार. पेन्सिल थोडी उजवीकडे सरकवली की तीन सेंटीमीटरवर पुठ्ठा स्थिर होतो. ही जागा म्हणजे सरासरी.

मध्यक विचारतो: माझ्या कोणत्या बाजूला किती कुटुंबं? सरासरी त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारते: आणि ती किती लांब आहेत? शेपटी लांब असली की हा दुसरा प्रश्न सगळं ठरवतो.

आता ती चार कुटुंबं परत आणू. याच मापाने ती १४, १८, २६ आणि ६२ सेंटीमीटरवर बसतात. शेवटच्या कुटुंबाची नखाएवढी पट्टी पुठ्ठ्याच्या टोकापासून अर्धा मीटर दूर आहे! ती एका वजनरहित काडीने जोडलेली आहे अशी कल्पना करा. पेन्सिल आता साडेतीन सेंटीमीटरवर न्यावी लागते. त्या जागेपासून ६२० हजारांचं कुटुंब ५८४.५ हजार दूर आहे, तर सर्वांत खालच्या वर्गातलं कुटुंब सरासरीने ३०.५ हजार दूर. भागाकार केला तर दिसतं की उजवीकडच्या त्या एका कुटुंबाला तोलायला डावीकडच्या खालच्या वर्गातली एकोणीस कुटुंबं लागतात. मध्यकाच्या हिशेबात मात्र त्या कुटुंबाचं मोल एकच. ते ६२० वर असो की २६ वर, ‘मधल्याच्या उजवीकडचं एक घर’ एवढीच त्याची नोंद होते.

दहा हजारांचं अंतर आलं कुठून

हे अंतर थेट मोजता येतं. कुटुंबांचे मध्यकावर दोन भाग करा, शंभर खाली आणि शंभर वर. खालच्या शंभरांचं एकूण उत्पन्न १४४५ हजार, म्हणजे प्रत्येकी साधारण १४.५. मध्यकापासून ती सरासरीने ११ हजार खाली आहेत. वरच्या शंभरांचं एकूण ५६४५ हजार, प्रत्येकी साधारण ५६.५. ती मध्यकापासून सरासरीने ३१ हजार वर आहेत. खाली ११, वर ३१. फरक वीसचा. दोन्ही भाग सारख्या संख्येचे असल्यामुळे त्याचा निम्मा, म्हणजे दहा, सरासरी आणि मध्यक यांच्यात उरतो. अंतराची ही फोड मला फार आवडते, कारण तिच्यात गूढ काही राहत नाही. वरचा अर्धा भाग मध्यकापासून जितका लांब पसरतो आणि खालचा जितका कमी पसरतो, त्याचा निम्मा फरक म्हणजे हे अंतर.

खालचा भाग ११ हजारांवरच का अडतो, याचं पहिलं उत्तर सोपं आहे. तिथे जमीन आहे. उत्पन्न शून्याच्या खाली सहसा जात नाही (धंद्यात तोटा झालेलं एखादं घर सोडून), त्यामुळे कोणतंही कुटुंब मध्यकाच्या २५.५ हजारांपेक्षा जास्त खाली असूच शकत नाही. वर मात्र छत नाही.

इथे एक समज दुरुस्त करावासा वाटतो. ‘चार-दोन श्रीमंत घरांमुळे सरासरी फुगते, ती काढली की झालं’ असं सहज म्हटलं जातं. आपण करून पाहू. वरची चारही कुटुंबं यादीतून काढली, तर उरलेल्या १९६ ची सरासरी ३०.०५ आणि मध्यक २५.० येतो. अंतर दहावरून पाचावर आलं, पण संपलं नाही. म्हणजे निम्मं अंतर टोकाच्या चार घरांचं होतं आणि निम्मं ४०, ५०, ७० हजारांच्या साध्या, मधल्याच म्हणाव्यात अशा घरांचं. विषमता शेपटीच्या टोकालाच चिकटलेली नसते, ती सगळ्या आकारात मुरलेली असते. टोक छाटून आकार सममित होत नाही.

ती मुरते कशी? उत्पन्न बेरजेने कमी वाढतं, गुणाकाराने जास्त वाढतं. पगारवाढ टक्क्यांत होते, धंदा वाढतो तो टक्क्यांत, ठेवीवरचं व्याज टक्क्यांत. समजा सगळीच घरं २० हजारांवर आहेत. एका टप्प्यात निम्म्यांचं उत्पन्न दीडपट होतं आणि निम्म्यांचं दीडपटीने घटतं. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा तसंच, पूर्ण योगायोगाने. आता पाव घरं ४५ वर आहेत, निम्मी परत २० वर, आणि पाव घरं ८.९ वर. वर जाणारी आणि खाली जाणारी घरं सारखीच, टप्पेही सारखेच, तरी वरची २५ हजार दूर गेली आणि खालची फक्त ११. मध्यक २० वरच आहे, सरासरी २३.५ झाली. कोणावर अन्याय झाला, कोणाचं कर्तृत्व जास्त होतं, यातलं काहीही न धरता उजवी शेपटी फुटली. फ्रेंच अभियंता व अर्थतज्ज्ञ रोबेर जिब्रा यांनी १९३१ साली हाच विचार मांडला होता: वाढ आधीच्या आकाराच्या प्रमाणात होत असेल, तर वाटणीला हाच आकार येतो.

याची पडताळणी आपल्या तक्त्यावरही करता येते. दहा-दहा हजारांच्या वर्गांऐवजी प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दुप्पट करा: १० च्या खाली, १० ते २०, २० ते ४०, ४० ते ८०, ८० ते १६०, १६० ते ३२०, ३२० ते ६४०. आता कुटुंबं अशी पडतात: २४, ५२, ७२, ४२, ७, २, १. एकदम वेगळाच आकार! सर्वांत उंच स्तंभ २० ते ४० चा, दोन्ही बाजूंना उतार, आणि मध्यक त्याच उंच स्तंभात. गुणोत्तराच्या मापाने पाहिलं की घंटेसारखा दिसणारा आकार रुपया-पैशासारख्या बेरजेच्या मापाने पाहिला की शेपटीवाला होतो. तरीही उजवीकडे ७, २, १ अशी बारीक शेपटी उरतेच. खऱ्या पाहण्यांतही ती उरते. सर्वांत वरच्या थरातली उत्पन्नं या गुणाकाराच्या हिशेबालाही पुरून उरतात आणि त्यांचा वेगळाच, आणखी संथ उतरणारा नियम असतो, हे विल्फ्रेडो पारेटो यांनी १८९० च्या दशकातच करभरण्याच्या नोंदींवरून दाखवलं होतं.

म्हणून उत्पन्नाचा आयतालेख उजवीकडे विषम दिसला, एवढ्यावरून त्या समाजाबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. तसा तो जवळपास सगळीकडेच दिसतो. सांगण्यासारखी गोष्ट असते ती शेपटी किती लांब आणि किती जाड यात. त्याचं एक सोपं माप म्हणजे सरासरी भागिले मध्यक. आपल्या उदाहरणात ते येतं १.३९. अमेरिकेच्या जनगणना ब्युरोने २०२२ सालासाठी कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक ७४,५८० डॉलर दिला होता आणि सरासरी १,०६,००० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे गुणोत्तर साधारण १.४. हे गुणोत्तर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं वाढत गेलं, तर वरची घरं मधल्या घरापासून आणखी दूर जात आहेत असा त्याचा सरळ अर्थ.

चित्र काढतानाच चूक होते ती

आपल्या तक्त्यात वर्गांची रुंदी सारखी नाही. आधीचे वर्ग दहाचे, मग एक वीसचा, एक चाळीसचा. ५० ते ६० मध्ये १२ कुटुंबं आहेत आणि ६० ते ८० मध्येही १२. दोन्ही स्तंभ सारख्या उंचीचे काढले, तर डोळ्याला वाटतं की साठच्या पुढे उतारच थांबला. प्रत्यक्षात ती बारा कुटुंबं दुप्पट रुंदीत पसरली आहेत, म्हणून स्तंभाची उंची निम्मी, म्हणजे दर दहा हजारांना सहा कुटुंबं एवढीच हवी. ८० ते १२० च्या स्तंभाची उंची तर दर दहा हजारांना दीड कुटुंब. आयतालेखात कुटुंबांची संख्या क्षेत्रफळ दाखवतं, उंची नाही. साध्या स्तंभालेखात आणि यात हाच भेद आहे. तो चुकला की मघाचा पुठ्ठा चुकीचा कापला जातो आणि शेपटी नसलेल्या ठिकाणी जाड दिसते. तपासायची खूण अशी: उतरत जाणाऱ्या शेपटीत एखादा स्तंभ अचानक उठलेला दिसला, तर आधी अक्षावर त्याची रुंदी वाचायची.

शेवटचा उघडा वर्ग हा दुसरा सापळा. बहुतेक तक्ते ‘अमुकच्या वर’ असे संपतात. अमेरिकेच्या जनगणना ब्युरोच्या नेहमीच्या एका तक्त्यात तो ‘दोन लाख डॉलर आणि अधिक’ असा असतो. मधलं उत्पन्न धरायला त्या वर्गाला वरची कडच नाही. आपल्या तक्त्यात कोणी ‘१२० च्या वर’ म्हणजे १२० ते १६० असं समजून चौघांना १४० दिलं, तर एकूण बेरीज ६४५० होते आणि सरासरी ३५.५ ऐवजी ३२.२५. एका अंदाजाने सरासरी तीन हजारांहून जास्त हलली. मध्यक कणभरही हलला नाही, कारण त्याला एवढंच माहीत असणं पुरेसं आहे की ती चार घरं मधल्याच्या वर आहेत. म्हणून नुसता वर्गवारीचा तक्ता हातात असेल, तर मध्यकावर मी निःशंक विश्वास ठेवतो, आणि सरासरी कोणी सांगितली तर शेवटच्या वर्गाचं काय धरलं हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

शाळेत शिकलेलं एक सूत्रही इथे अडवतं: बहुलक = ३ × मध्यक − २ × सरासरी. आपले आकडे घालून पाहा. ३ × २५.४५ म्हणजे ७६.३५, त्यातून ७०.९ वजा, उत्तर ५.४५ हजार. म्हणजे सर्वांत जास्त गर्दी शून्य ते दहाच्या वर्गात! पण गर्दी कुठे आहे ते समोर दिसतंय, दहा ते वीसमध्ये. सूत्र खोटं नाही, ते थोड्याशाच विषम आकारांपुरतं आहे आणि उत्पन्नाचा आकार त्या मर्यादेत बसत नाही. परीक्षेत हे सूत्र डोळे मिटून वापरायची सवय लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आयतालेखावर एक नजर टाकली असती तर उत्तर चुकल्याचं क्षणात कळलं असतं.

आणि चित्र हाताशी नसलं तर? तेव्हा प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरले आहेत याचं माप, पाहावं. आपल्या २०० घरांचं प्रमाण विचलन सुमारे ५१ हजार येतं. सरासरी ३५.५ आणि प्रमाण विचलन ५१. सरासरीतून एक विचलन वजा केलं तर उत्तर शून्याच्या बरंच खाली जातं, जिथे घरंच नाहीत. जी गोष्ट शून्याखाली जात नाही तिचं प्रमाण विचलन सरासरीहून मोठं दिसलं, की उजवीकडे लांब शेपटी आहे हे चित्र न पाहताही समजावं.

‘सरासरी उत्पन्न वाढलं’ म्हणजे कोणाचं?

पुढच्या वर्षी ६२० हजारांचं कुटुंब १२२० हजारांवर गेलं आणि बाकी १९९ घरांत एका पैचाही फरक पडला नाही, असं समजा. एकूण उत्पन्नात ६०० हजारांची भर पडली, सरासरी तीन हजारांनी वाढली. बातमी होईल: सरासरी कौटुंबिक उत्पन्नात साडेआठ टक्के वाढ. वाक्य खोटं नाही, पण ते वाचून प्रत्येक घराला वाटेल की आपणच मागे राहिलो. मध्यक सांगेल: काही बदललं नाही. १९९ घरांच्या अनुभवाशी मध्यकाचंच उत्तर जुळतं.

म्हणून मध्यक नेहमीच खरा आणि सरासरी फसवी, असं मात्र मी म्हणणार नाही. उलटा प्रसंग पाहा. सर्वांत खालच्या २४ घरांचं उत्पन्न निम्मं झालं. त्या घरांसाठी याहून मोठं संकट नाही. मध्यक जागचा हलत नाही, कारण ती घरं आधीही मधल्याच्या खाली होती आणि आताही आहेत. सरासरी ३५.४५ वरून ३५.१५ होते, एक टक्काही नाही. मध्यकाला त्या घरांची झळ लागतच नाही आणि सरासरीत ती विरून जाते. आयतालेखात मात्र डावीकडचा पहिला स्तंभ शून्याकडे सरकलेला दिसतो, वर्ग पुरेसे बारीक केले असतील तर. दहा हजारांचाच वर्ग ठेवला, तर २४ घरं त्याच वर्गात राहतात आणि चित्रातही काही दिसत नाही! खालच्या घरांची काळजी असेल, तर तळाकडचे वर्ग बारीक करावेत आणि खालच्या दहाव्या हिश्श्याचं उत्पन्न वेगळं मोजावं.

सरासरीची खरी गरज बेरजेला पडते. या २०० घरांकडे मिळून किती येतं, त्यावर कर किती गोळा होईल, हे सरासरीला २०० ने गुणून कळतं: ७०९०. मध्यकाला २०० ने गुणलं तर ५०९० येतं, तब्बल दोन हजार हजारांनी कमी. त्या बेरजेत खालच्या शंभर घरांचा वाटा जेमतेम वीस टक्के आहे आणि वरच्या चार घरांचा सतरा टक्के. हे सगळं सरासरीच्या बाजूने पाहिलं तरच दिसतं.

शेपटीचा आणखी एक त्रास नमुना पाहणीत होतो आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. दोनशेपैकी वीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर ६२० हजारांचं घर त्यांत येण्याची शक्यता दहात एक. ते घर आलं नाही, तर वीस घरांची सरासरी साधारण ३२.५ च्या आसपास राहील. आलं, तर एकटं तेच सरासरीत ३१ हजारांची भर घालतं आणि उत्तर ६२ च्या जवळ पोहोचतं. म्हणजे दहा जणांनी स्वतंत्रपणे पाहणी केली, तर साधारण नऊ जण खऱ्या ३५.५ पेक्षा कमी उत्तराभोवती घुटमळतील आणि एक जण जवळपास दुप्पट सांगेल. कोणीही चूक केलेली नाही. सरासरीचा मोठा भाग एका घराच्या चिठ्ठीवर अवलंबून आहे, एवढंच. दहाही जणांचे मध्यक ते घर आल्या-न आल्याने फारसे हलणार नाहीत. त्यातून सर्वांत श्रीमंत घरं पाहणीला उत्तर द्यायला सहसा नाखूश असतात, तेव्हा पाहणीतली सरासरी कमी पडण्याकडेच झुकते. म्हणूनच वरच्या थराचा अभ्यास करणारे लोक घरोघरच्या पाहणीला करभरण्याच्या नोंदींची जोड देतात.

शेवटी, आयतालेखात कितीही निरखून पाहिलं तरी न दिसणारी एक गोष्ट आहे: घरात माणसं किती. ८ हजारांचं घर एकट्या वृद्धाचं असू शकतं आणि ६० हजारांचं घर सहा जणांचं, तिघं कमावते आणि तिघं अवलंबून. दोघांची एकेकच पट्टी. शेपटीच्या दिशेने जाताना काही घरं माणसागणिक श्रीमंत म्हणून उजवीकडे गेलेली असतात, तर काही कमावणारे हात जास्त म्हणून. हे वेगळं करायला उत्पन्नाला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायची पद्धत आहे, कारण चार माणसांना एका माणसाच्या चौपट घरभाडं किंवा चौपट दिवे लागत नाहीत. चार जणांच्या ४० हजारांच्या घराला मग २० हजार धरतात आणि एकट्याच्या २० हजारांच्या घराशेजारी बसवतात. असं करून आयतालेख पुन्हा काढला, की शेपटी उरतेच, पण तिच्यात कोण बसलंय ते बदलतं.